कलमकाकांचं वाचन

आमच्या पाणीपुरवठा मंडळाच्या ठेका विभागात रोज काही ना काही वाचलं जायचं, आणि ते वाचायचे कलमकाका. हे नाव त्यांना मी ठेवलं. मी भांडार विभागाचा माणूस, नटबोल्ट, व्हॉल्व्ह आणि पाइपांचे सांधे मोजण्यात माझी हयात गेली. जागेअभावी माझं टेबल ठेका विभागाच्या खोलीत टाकलं होतं, त्यामुळे ते वाचन ऐकणं हे माझ्या नशिबी होतं, पगारात धरलेलं नसलं तरी. "कलम पहिलं," असं म्हणून काका घसा खाकरायचे आणि मी उचललेला फोन खाली ठेवायचो, कारण आता पुढचा अर्धा तास मला एकही फोन करता यायचा नाही.

वाचन कशाचं? बँक हमीपत्राचं. मंडळ ठेकेदाराला काम देतं, कामाच्या सुरुवातीला आगाऊ रक्कम देतं. ठेकेदाराने उद्या हात वर केले तर ती रक्कम परत मिळावी म्हणून त्याची बँक लिहून देते की मंडळाने लेखी मागितल्याबरोबर आम्ही पैसे भरू, कुरकुर न करता भरू. ऐकायला सोपं आहे. पण बँकेचा कागद हा बँकेच्या बाजूने लिहिलेला असतो, हे काकांचं पहिलं वाक्य. दुसरं वाक्य, "त्यात चार ठिकाणी पाणी मुरतं." रक्कम आकड्यात आणि अक्षरात एकच आहे का, आणि ठेक्यातली तीच आहे का. हमी कोणाच्या नावे आहे. मंडळाचं पूर्ण कायदेशीर नाव हवं, मुख्य अभियंत्याचं नको, प्रकल्पाचं नको, कारण प्रकल्प काही बँकेत जाऊन पैसे मागू शकत नाही. हमी कुठल्या तारखेपर्यंत जिवंत आहे. आणि ती तारीख उलटल्यावरही मागणी करायला किती दिवस मिळतात. ह्या शेवटच्या गोष्टीला दाव्याची मुदत म्हणायचे. आमच्या मसुद्यात ती सहा महिने असायची. ठेकेदाराची लबाडी ऐन शेवटच्या आठवड्यात कळली तर पत्रं लिहायला, सह्या घ्यायला, बँकेत पोचवायला वेळ हवा ना, म्हणून.

वाचनाची एक रीत होती आणि ती काकांनीच घातली होती. बँकेचं मूळ हमीपत्र काकांच्या हातात. मंडळाचा मंजूर मसुदा समोर लेखाधिकारी बाईंच्या हातात. काका मोठ्याने वाचणार, बाई मसुद्यावर बोट फिरवत ऐकणार आणि जुळलं की "हं" म्हणणार. बाईंनी बँकेच्या कागदाकडे बघायचं नाही. "दोघांनी एकच कागद बघितला की डोळे एकमेकांची भीड धरतात," असं काका म्हणायचे. वाचन झालं की तपासणीपत्रकावर दोघांच्या सह्या. बाई वयाने बऱ्याच लहान, हुद्द्याने वरच्या, पण त्या काकांसमोर पदर सावरून बसल्यासारख्या बसायच्या. आल्या तेव्हा त्यांना हे काम काकांनीच शिकवलं होतं.

काकांच्या नाकावर माशी बसलेली चालायची नाही. एकदा एका मोठ्या बँकेने मंडळाच्या नावातला एक शब्द गाळला. काकांनी हमीपत्र परत पाठवलं. मॅनेजर स्वतः आला, हसत हसत म्हणाला, "अहो, सगळ्यांना कळतंय कोणाच्या नावे आहे ते." काका म्हणाले, "आज कळतंय, कारण आज आपलं गोड आहे. भांडण झाल्यावर तुम्हालाच कळणार नाही." मॅनेजर नवीन कागद घेऊन आला. तो गेल्यावर काकांनी मला चहा पाजला. माणूस कंजूष होता, त्यामुळे तो चहा माझ्या लक्षात आहे.

त्यांच्या निवृत्तीला फार वर्षं उरली नव्हती. मुलगी लग्न होऊन दूर गेलेली, घरी ते आणि काकू दोघंच. त्यांना बढती नको होती, सत्कार नको होता. एकच हवं होतं, शेवटच्या दिवसापर्यंत त्या खुर्चीत बसून वाचायचं. "वाचता वाचता उठून जाईन," असं ते म्हणायचे. मी म्हणायचो, "जा की, आम्हाला फोन तरी करता येतील." ते हसायचे.

गेल्या वर्षभरात त्यांचं वाचन आणखी रंगलं होतं. पूर्वी अडखळायचे, चष्मा वर-खाली करायचे, एखादी ओळ दोनदा घ्यायचे. आता कीर्तनकारासारखे सरळ सुटायचे. बाई एकदा म्हणाल्यासुद्धा, "काका, वय वाढतंय तसा तुमचा आवाज मोकळा होतोय." काका आणि मी संध्याकाळी एकाच रस्त्याने घरी जायचो. हल्ली ते माझा दंड धरून चालायचे. माणूस म्हातारपणी मवाळ होतो, असं मी मनाशी धरलं आणि थोडा सुखावलोही. रस्त्याकडेच्या गटारापाशी त्यांची बोटं घट्ट व्हायची.

तर टेकडीवरच्या वस्तीला पाणी चढवायचं काम निघालं. पंपघर, टाकी, पाइप. ठेकेदार तरुण, कामाचा चांगला, बोलायला जरा तिखट. त्याने आगाऊ रकमेचं हमीपत्र आणलं. त्या दिवशी दुपारी नेहमीप्रमाणे काका ते घेऊन मागच्या खिडकीपाशी गेले, उन्हाकडे पाठ करून बराच वेळ उभे राहिले. मग येऊन बसले. वाचन झालं. रक्कम, हं. लाभार्थी, हं. वैधता, हं. दाव्याची मुदत, "वैधता संपल्यानंतर पुढील सहा महिन्यांपर्यंत," हं. दोघांच्या सह्या झाल्या आणि कागद लोखंडी कपाटात गेला.

आमच्याकडे अजून एक टप्पा असायचा. मंडळ थेट बँकेला पत्र टाकून विचारतं की हा कागद तुमचाच ना, आणि त्याचा तपशील काय. ठेकेदाराच्या हातून नाही, थेट. उत्तर आल्याशिवाय पैसे सुटत नाहीत. हा टप्पा होता म्हणून मंडळाची एक कवडीही गेली नाही, हे आधीच सांगून ठेवतो, नाहीतर तुम्ही पुढे भलतीच चिंता करत बसाल. चिंता दुसरीच आहे.

बँकेचं उत्तर आलं. बाईंनी ते उघडलं आणि वाचता वाचता थांबल्या. रक्कम तीच होती, नाव तेच, वैधतेची तारीख तीच. दावा करण्याची अंतिम तारीख मात्र वैधतेचीच दिली होती. म्हणजे हमी मेली की मागणी करण्याचा हक्कही त्याच दिवशी मेला. सहा महिने गायब.

"बँकेने टायपिंगमध्ये घोळ केलाय," असं बाई मला म्हणाल्या. काकांवर शंका घ्यायचं त्यांच्या मनातही आलं नाही, माझ्याही नाही. काका तेव्हा हिशेब विभागात गेले होते. बाईंनी बँकेला झापायच्या तयारीने कपाटातून मूळ हमीपत्र काढलं, दाव्याच्या कलमावर बोट ठेवलं, आणि त्यांचं बोट तिथेच राहिलं. मी उठून त्यांच्या मागे गेलो. कागदावर स्वच्छ छापलं होतं: लेखी मागणी वैधतेच्या तारखेला किंवा त्यापूर्वी या शाखेत पोचली नाही, तर मंडळाचे सर्व हक्क संपुष्टात येतील. बाकीचा सगळा मजकूर आमच्याच मसुद्याचा, शब्द न शब्द. बँकेने आमचा मसुदा जसाच्या तसा उतरवून फक्त हे एक कलम आपल्या सोयीने बदललं होतं. सहा हा शब्द त्या पानावर कुठेच नव्हता.

"पण काकांनी तर सहा महिने वाचलं," बाई म्हणाल्या. "मी ऐकलं ना. तुम्हीही ऐकलंत."

मी ऐकलं होतं. तेवढ्यात काका आले, खुर्चीची पाठ चाचपून बसले. बाईंच्या चेहऱ्यावर काय चाललं होतं ते मला बघवत नव्हतं. त्यांनी तो कागद उचलून काकांसमोर ठेवला आणि अगदी साध्या आवाजात म्हणाल्या, "काका, दाव्याचं कलम जरा परत वाचता? माझ्याकडून टिक राहिलीय."

काकांनी कागद उचलला. नाकाजवळ नेला, थोडा दूर धरला. घसा खाकरला. आणि खणखणीत आवाजात, एकही शब्द न अडखळता त्यांनी म्हटलं, "वैधता संपल्यानंतर पुढील सहा महिन्यांपर्यंत मंडळाने केलेली लेखी मागणी बँकेवर बंधनकारक राहील." मग कागद खाली ठेवून विचारलं, "बरोबर ना?"

बाई म्हणाल्या, "हो काका." आणि उठून बाहेर गेल्या. तेव्हा मला उमगलं. हा माणूस वाचतच नव्हता. हा पाठ म्हणत होता.

बाई जिन्यापाशी उभ्या होत्या, डोळे पुसत. मला म्हणाल्या, "मला नाही विचारता येणार. तुम्ही त्यांच्या बरोबर घरी जाता ना? तुम्ही विचारा." मी म्हटलं, "मी नटबोल्टचा माणूस, मला कसलं हे नाजूक काम सांगता?" त्या पुन्हा डोळे पुसायला लागल्या. मग मीच म्हटलं, "विचारतो."

संध्याकाळी काकांनी नेहमीसारखा माझा दंड धरला. वाटेतल्या सायकलच्या दुकानापर्यंत मी हवापाण्याच्या गप्पा मारल्या. तिथे माझं गाडं अडलं, आणि मी जे काही नीट ठरवलं होतं ते विसरून एकदम बोललो, "काका, त्या कागदावर सहा महिने नाहीत."

ते थांबले. "कुठल्या कागदावर?"

"टेकडीच्या कामाच्या. बँकेचं उत्तर आलंय. दाव्याची मुदत वैधतेबरोबरच संपते. तुम्ही आज परत वाचलंत ते कलमसुद्धा कागदावर तसं नाही."

दुकानात कोणीतरी चाकात हवा भरत होतं. काकांनी माझा दंड सोडला, मग परत धरला. "बाईंना कळलं?"

"त्यांनीच बघितलं."

"म्हणजे दुपारचं ते टिकचं..." त्यांनी वाक्य पुरं केलं नाही. मग म्हणाले, "बिचारी. हो म्हणाली मला."

तिथेच दुकानाच्या कट्ट्यावर बसून त्यांनी सांगितलं. डोळ्यांचा पडदा मधोमध झिजलाय. कडेचं दिसतं, समोर बघावं ते पुसलं जातं. "तुझे कान दिसतात, तोंड दिसत नाही," ते म्हणाले. "तसं फार काही बुडत नाही त्यात." अशा वेळीही माझी टर उडवायला त्यांना सुचलं, आणि मला हसावं की रडावं ते कळेना. डॉक्टरने सांगितलं होतं, गेलेलं परत येणार नाही. त्यांनी ते कोणालाच सांगितलं नाही.

"मग वर्षभर केलंत कसं?"

"दुपारी खिडकीपाशी जातो ना, भिंगाने एकेक अक्षर कडेने धरायचं. रक्कम, नाव, तारीख. ज्या जागा मसुद्यात रिकाम्या असतात त्या. तेवढं पाठ करून यायचं. बाकीचं तर मीच लिहिलेलं आहे, ते रक्तात आहे." ते थांबले. "दाव्याची मुदत मसुद्यात रिकामी जागा नाहीये रे. ती छापलेलीच आहे, वाक्यात. म्हणून ती मी कधी शोधलीच नाही. माणसांना शिकवत आलो चार ठिकाणी बघा, आणि स्वतः तीनच ठिकाणी बघत होतो."

मी म्हटलं, "काका, सांगून टाकायचं होतंत. बाईंनी सांभाळून घेतलं असतं."

ते पहिल्यांदा चिडले. "सांभाळून म्हणजे काय? कोपऱ्यात बसवून चहा? मला येतं ते एवढंच एक. ते गेलं तर मी त्या खोलीत कशाला येऊ? तुझे बोल्ट मोजायला?"

त्यांना घरापर्यंत सोडलं. काकूंनी दार उघडलं. काका आत हातपाय धुवायला गेले तशी मी हळूच म्हटलं, "काकू, काकांच्या डोळ्यांचं..."

"माहीत आहे मला," काकू म्हणाल्या. अगदी भाजीचा भाव सांगावा तसं. "सकाळी पेपर धरून बसतात, पान उलटायचं विसरतात. म्हणून मीच आधी बोलून घेते, अहो बाजारात असं असं झालं म्हणे, अमका निवडून आला म्हणे. म्हणजे कचेरीत तुमच्यात बोलायला त्यांना काहीतरी राहतं." मग पदराने दाराची कडी पुसत म्हणाल्या, "त्यांना सांगू नका मला कळलंय म्हणून. त्यांना वाटतं मी काळजीने मरेन."

दोघंही एकमेकांपासून तीच गोष्ट लपवून बसले होते. मला त्या दोघांचाही राग आला, आणि घरी जाईपर्यंत तो राग टिकला नाही.

दुसऱ्या दिवशी काका वेळेवर आले. कोट घालून आले होते, जो ते फक्त साहेबांकडे जायचं असेल तेव्हा घालायचे. बाईंच्या टेबलासमोर उभे राहून म्हणाले, "बाई, गेल्या वर्षभराची सगळी हमीपत्रं काढा. मी वाचलेली. तुम्ही एकट्याने परत वाचा. कागद बघून."

बाई म्हणाल्या, "काका, बसा तरी."

"आधी ती काढा."

बाईंनी काढली. दोन दिवस त्या मान खाली घालून वाचत होत्या, आणि काका शेजारी हात मांडीवर ठेवून बसले होते, निकालाची वाट बघणाऱ्या पोरासारखे. प्रत्येक कागद संपला की बाई म्हणायच्या, "हे बरोबर आहे, काका." सगळे बरोबर निघाले. एवढ्या बँकांपैकी दुसऱ्या कोणी त्या कलमाला हात लावला नव्हता. शेवटचा कागद झाल्यावर मी म्हटलं, "बघा, एकच तर चुकलं." काका म्हणाले, "एकही बरोबर नव्हतं. ते बँकांनी बरोबर लिहिलं होतं. मी काय केलं त्यात?"

मी कागद गोळा करून परत कपाटात ठेवले. 

तपासणीपत्रकावर चुकीची मुदत लिहिली गेली कशी, ह्याचा खुलासा मोठ्या साहेबांनी मागितला. बाईंनी लिहिलं, "वाचनात दोघांकडून चूक झाली." अर्धी चूक त्यांनी स्वतःच्या पदरात घेतली. हे काकांना कळताच ते साहेबांच्या खोलीत गेले. आतलं मला ऐकू आलं नाही, पण साहेबांचा आवाज आधी चढला आणि मग एकदम उतरला. बाहेर आल्यावर काका म्हणाले, "बाईंचं नाव काढायला लावलं." साहेबांनी त्यांना निवृत्तीपर्यंत टपाल विभागात बसायला सांगितलं होतं. तिथे करायचं काही नव्हतं. पाकिटांवर शिक्के पडायचे ते बघायचं, तेही ज्याला दिसतं त्याने.

ठेकेदाराला बोलावलं. तो तणतणत आला. त्याचे पाइप कारखान्यात तयार पडले होते, आगाऊ रकमेशिवाय कारखाना ते सोडत नव्हता. "तुम्हीच तपासून घेतलंत की! सही करून घेतलंत! आता म्हणता बँकेकडून दुरुस्ती आणा. माझ्या गड्यांना मी काय सांगू?"

बाई काही बोलायच्या आत काका म्हणाले, "तुझं बरोबर आहे. चूक माझी. मला कागद दिसला नाही."

"दिसला नाही म्हणजे? नजरेतून सुटला?"

"नाही. दिसतच नाही मला."

कारकून, शिपाई, मी, सगळे ऐकत होते. खोलीत काकांनी हे मोठ्याने सांगितलेलं ते पहिलंच.  ठेकेदाराचा तिखटपणा कुठे गेला कोण जाणे. तो कागद उचलून म्हणाला, "काका, मी आजच बँकेत जातो." जाताना दारातून परत आला आणि त्यांच्या पाया पडला. ते काकांना आवडलं नाही, ते मला दिसलं. त्यांना पाया पडलेलं नको होतं. त्यांना भांडलेलं हवं होतं, कारण ठेकेदार भांडायचे तेव्हा ते वाचणारे होते.

बँकेने दुरुस्तीपत्र दिलं. मूळ हमीपत्राचा क्रमांक, कलम बदललं, सहा महिने, बाकी सर्व अटी कायम. आता ते मूळ कागदासोबत पुन्हा तपासायचं होतं. ही तपासणी झाली की काका टपाल विभागात जाणार होते.

बाईंनी आदल्या दिवशीच एक शक्कल काढली होती. त्यांनी तपासणीपत्रक तयार करून ठेवलं आणि वाचणाऱ्याच्या रकान्यात काकांचं नाव आपल्या सुंदर अक्षरात लिहिलं. काका आल्यावर म्हणाल्या, "काका, आपण असं करू. तुम्ही मसुदा तोंडपाठ म्हणा. कागद मी बघते. तुम्हीच आमचा मसुदा. मग सही तुमचीच."

मला वाटलं, वा, काय डोकं आहे बाईंचं! साहेबांनाही मान्य करता आलं असतं.  काकांच्या ओठांची हालचाल झाली, जणू पहिलं कलम सुरूच करणार होते. मग त्यांनी मान हलवली.

"मसुदा कागदावर आहे, बाई. तो भिंतीला टांगला तरी बोलेल. आणि पाठ म्हणण्यानेच तर घात केला." ते माझ्याकडे वळले, म्हणजे माझ्या कानाकडे. "ए नटबोल्ट. इकडे ये. वाच."

"मी? मला ह्यातलं काय कळतंय?"

"इतकी वर्षं फोन न करता ऐकत बसलास ना? वाच."

मी बँकेचे दोन्ही कागद, मूळ हमीपत्र आणि दुरुस्ती, हातात घेतले. बाईंनी मसुदा धरला. काका आमच्या मध्ये बसले, हात रिकामे. मी वाचायला लागलो आणि माझी भंबेरी उडाली. रकमेत एक शून्य जास्त म्हटलं. काका म्हणाले, "आकडा वाचू नकोस, आकडा मोज. मग अक्षर वाच. मग दोन्ही जुळव." लाभार्थीच्या नावाशी मी घाई केली. "पूर्ण नाव. पत्त्यासकट." वैधतेची तारीख वाचली. दाव्याच्या कलमाशी आलो तेव्हा बाईंचं बोट मसुद्यावर त्याच ओळीशी येऊन थांबलं होतं. मी सहा महिने वाचलं. काका म्हणाले, "कागदावर आहे का?"

"आहे, काका."

"बोट ठेव त्यावर आणि परत वाच. दुरुस्तीवर मूळ हमीपत्राचा नंबर आहे का तो बघ. मागणी कुठे पोचायला हवी म्हणतात? शाखेचं नाव वाच."

मी सगळं वाचलं. तीनदा वाचलं. शेवटी बाई "हं" म्हणाल्या, ते इतकं बारीक की काकांनी मान कलती करून ऐकलं.

बाईंनी आपली सही केली आणि पत्रक माझ्याकडे सरकवलं. वाचणाऱ्याच्या रकान्यात काकांचं नाव होतं. बाईंनी मला खुणेने सांगितलं, असू दे, बाजूला सही करा. मीही तेच करणार होतो. नाव राहिलं असतं तर कोणाचं काय बिघडलं असतं?

काका म्हणाले, "माझं नाव लिहिलंय का वर?"

बाईंनी माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "हो."

"खोड. ज्याने वाचलं त्याचं नाव हवं. नीट खोड, एक सरळ रेघ मार, म्हणजे उद्या कोणी विचारलं तर खाली काय होतं ते दिसेल."

मी पेन हातात घेतलं. ते नाव बाईंच्या अक्षरात होतं, आणि हे पत्रक भरायला त्यांना काकांनीच शिकवलेलं. माझा हात पुढे जाईना. खिडकीतून ऊन त्यांच्या कोटावर पडलं होतं आणि ते समोर बघत होते, कुठेच नाही असे. मी पेन तसंच हवेत धरून म्हटलं, "खोडलं, काका."

ते हसले. फार प्रेमाने हसले. "पेनाचा आवाज आला नाही," ते म्हणाले.

मग मी खोडलं. त्यांना ऐकू जाईल असं.